बर्फापासून उकळीपर्यंत: सेल्सिअस-फॅरनहाइट एका तासिकेत कसं शिकवावं

सातवी-आठवीच्या लेकरांना फळ्यावर सूत्र लिहून दिलं की ती ते पाठ करतात. पंधरा दिवसांनी विचारलं तर निम्मी पोरं ३२ आधी मिळवतात आणि निम्मी नंतर. सूत्र अवघड नाही, पण ते कुठून आलं हे कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नसतं. म्हणून मी ते शेवटी लिहितो. आधी वर्गात पाणी गोठताना आणि उकळताना दाखवायचं, ते दोन आकडे फळ्यावर उभ्या रेघांवर मांडायचे आणि मधला हिशेब मुलांकडूनच काढून घ्यायचा. सामान हाताशी असेल तर एका तासिकेत सगळं बसतं. मी संभाजीनगर जिल्ह्यात शिकवतो, त्यामुळे उकळीचा आकडा इथल्या उंचीचाच येणार. तो शंभर येत नाही, आणि खरी गंमत तिथेच आहे.

आधी जमवून ठेवायचं

सगळ्यात महत्त्वाची वस्तू म्हणजे प्रयोगशाळेतला तापमापक, ज्यावर उणे १० पासून ११० पर्यंत खुणा असतात. वरच्या टोकाला ११० छापलेलं आहे का, हे स्वतः पाहून घ्या. काही स्वस्त तापमापक पन्नासवरच संपतात. ताप बघायचा डॉक्टरी तापमापक या प्रयोगाला अजिबात चालत नाही. त्याच्या खुणा ४२ अंश सेल्सिअसच्या आसपास संपतात, आणि पाऱ्याचा असेल तर उकळत्या पाण्यात त्याची काच फुटून विषारी पारा बाहेर येतो. हे मुलांनाही बजावून सांगा, कारण घरी जाऊन प्रयोग करणारं एखादं लेकरू प्रत्येक वर्गात असतंच.

बर्फासाठी शाळेत फ्रिज लागत नाही. रस्त्यावरच्या रसवंतीवर लादी असते, तिथून किलोभर बर्फ गोणपाटात गुंडाळून आणला तरी पुरतो. पाणी उकळायला स्पिरिटचा दिवा घेतला तर निम्मी तासिका वाट बघण्यातच जाते. पोषण आहाराच्या खोलीतली शेगडी आणि स्टीलचं पातेलं बरं पडतं. पातेल्यात अर्धा लिटर पाणी पुरे, झाकण ठेवायचं नाही. तापमापक हातात धरायचा नाही, स्टँडला किंवा आडव्या काठीला दोऱ्याने बांधून सोडायचा. मुलं शेगडीपासून दोन हात लांब, आणि आकडा वाचायला एका वेळी दोघंच पुढे येणार. वाफेचा चटका उकळत्या पाण्याच्या चटक्याहून वाईट असतो.

त्याशिवाय एक मीटरपट्टी आणि दोन रंगांचे खडू लागतात. बाकी काही नाही.

पहिली खूण: वितळणारा बर्फ

बर्फ फडक्यात बांधून बत्त्याने ठेचा, बारीक चुरा करा, प्लास्टिकच्या ग्लासात भरा आणि चुरा भिजेल इतकंच पाणी घाला. तापमापकाचा फुगा चुऱ्याच्या मध्ये, तळाला आणि कडांना न लागता राहिला पाहिजे. काडीने ढवळत राहा आणि दोन-तीन मिनिटं थांबा.

पाणी घालायचं कशासाठी, हा प्रश्न मुलांनी विचारला नाही तर आपण विचारायचा. फ्रिजच्या वरच्या कप्प्यातून नुकताच काढलेला कोरडा बर्फ शून्याच्या बराच खाली असतो. त्यात तापमापक खुपसला तर उणे आकडा दिसेल. आपल्याला बर्फाचं तापमान मोजायचं नाही, तर बर्फ आणि पाणी जिथे एकत्र नांदतात ते तापमान मोजायचं आहे. त्या मिश्रणात बर्फ शिल्लक आहे तोवर पारा हलत नाही. बाहेर एप्रिलचं ऊन असलं तरी आत येणारी सगळी उष्णता बर्फ वितळवण्यात खर्च होते, तापमान वाढवण्यात नाही. असा थांबून राहणारा आकडा मिळतो म्हणूनच तो मोजमापाची खूण म्हणून वापरता येतो.

नजर पाऱ्याच्या टोकाच्या समपातळीत ठेवून वाचायला सांगा. वरून पाहिलं की आकडा बदललेला दिसतो. इथे शून्य आलं तर तापमापक नीट आहे. एक आला तर तो एक अंश जास्त दाखवतो, आणि पुढच्या प्रत्येक वाचनातून तेवढा वजा करायचा. ही तपासणी वगळू नका. उकळीचा आकडा मोजल्यावर हीच आपली साक्षीदार ठरते.

बर्फात मीठ मिसळू नये. एखाद्या पोराने गंमत म्हणून मूठभर टाकलं तर पारा सरळ शून्याखाली जातो. त्याला रागावण्याऐवजी इथेच फॅरनहाइटची गोष्ट सांगून टाकावी. डॅनियल गॅब्रिएल फॅरनहाइट यांनी १७२४ साली आपलं मापन मांडलं, तेव्हा शून्य ठरवायला बर्फ, पाणी आणि नवसागर यांचं मिश्रण घेतलं होतं. नवसागर म्हणजे कल्हईवाले पितळी भांड्यांना कल्हई करताना वापरतात तोच. ते मिश्रण साध्या बर्फापेक्षा पुष्कळ थंड असतं. त्यांचं शून्य तिथे खाली बसलं आणि साधं पाणी गोठतं ती जागा त्यांच्या पट्टीवर ३२ वर आली. मुलांना खटकणारे ते ३२ एवढ्यासाठीच.

दुसरी खूण: उकळतं पाणी

बर्फातून काढलेला तापमापक थेट गरम पाण्यात घालू नका, काच तडकते. आधी थोडा वेळ बाहेर राहू द्या, मग शेगडी पेटवण्यापूर्वीच थंड पाण्यात सोडा, म्हणजे तो पाण्याबरोबर तापत जाईल. फुगा पातेल्याच्या तळापासून दोन बोटं वर हवा. तळाला टेकला तर तो पाण्याचं नाही, तापलेल्या स्टीलचं तापमान दाखवतो.

साठ-सत्तरच्या पुढे तळाशी बारीक बुडबुडे दिसायला लागतात आणि मागच्या बाकांवरून "सर, उकळलं!" असा ओरडा होतो. ती पाण्यात विरघळलेली हवा बाहेर पडत असते, उकळी नव्हे. मोठे बुडबुडे तळातून उठून वर येऊन फुटू लागले आणि पाणी सगळीकडून खदखदू लागलं की उकळी आली. आता दोन मुलांना पुढे बोलवा आणि आकडा मोठ्याने वाचायला लावा.

आमच्याकडे तो ९८ येतो.

इथे वर्गात चुळबुळ होते, कारण पुस्तकात शंभर असतात. "सर, शंभर काहून येईना? जाळ वाढवा की." जाळ खुशाल वाढवा. पाणी जास्त जोरात खदखदेल, वाफ जास्त निघेल, पण पारा ९८ वरच राहील. बर्फात झालं तेच इथे होतंय, आत येणारी उष्णता वाफ करण्यात जातेय. आकडा थांबला आहे, म्हणजे ही पक्की खूण आहे. फक्त ती शंभरावर नाही.

दुसरा एखादा म्हणतो, "आमच्या बोअरचं पाणी जड आहे, त्याच्यामुळं असंल." हा विचार चांगला आहे, पण उलट दिशेने जातो. पाण्यात क्षार असले की उकळी थोडी वरच्या तापमानाला येते, खालच्या नाही. शिवाय त्याचा परिणाम फार किरकोळ असतो. लिटरभर पाण्यात सुमारे ५८ ग्रॅम मीठ घातलं तर कुठे एक अंश वाढतो. इतकं खारं पाणी कुणाच्या बोअरला नसतं, आणि असलं तर ते पिववणार नाही.

तापमापक खोटा असेल, अशी तिसरी शंका येते. त्याचं उत्तर मघाच्या बर्फाकडे आहे. तिथे शून्य बरोबर आलं होतं, त्यामुळे सगळी पट्टीच दोन अंशांनी घसरलेली असण्याची शक्यता गेली.

खरं कारण उंची. पाण्यातून वाफेचा बुडबुडा उठायचा तर त्याच्या आतल्या दाबाने बाहेरच्या हवेच्या दाबाची बरोबरी करावी लागते. शंभर अंश हा आकडा समुद्रसपाटीच्या दाबाचा आहे, पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर उंचीच्या स्तंभाइतक्या दाबाचा. आपण पठारावर राहतो. संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे. डोक्यावरची हवा तेवढी कमी, दाब कमी, म्हणून पाणी लवकर उकळतं. ढोबळ हिशेब असा की दर ३०० मीटर चढलं की उकळी साधारण एक अंशाने खाली येते. साडेपाचशे-सहाशे मीटरला दोन अंश कमी, म्हणजे ९८. नांदेड आपल्यापेक्षा सखल आहे, तिथे याच पाण्याला उकळी जवळपास ९९ अंशांना यायला हवी. गोठण्याच्या खुणेवर उंचीचा असा परिणाम जाणवत नाही, म्हणून बर्फाचं शून्य इथेही शून्यच राहिलं.

अँडर्स सेल्सिअस यांना ही अडचण माहीत होती. १७४२ साली त्यांनी मापन सुचवलं तेव्हा उकळी हवेच्या दाबावर अवलंबून असते, हेही त्यांनी नोंदवलं होतं. आणखी एक गोष्ट ऐकून मुलं हमखास हसतात. त्यांच्या मूळ पट्टीवर पाणी उकळायचं शून्यावर आणि गोठायचं शंभरावर. ती उलटी मांडणी नंतर सरळ केली गेली.

आमच्या आकड्यापेक्षा तुमच्याकडे फारच कमी, म्हणजे ९५-९६ आला, तर हवेला दोष देण्याआधी फुगा पाण्यात पुरेसा बुडालाय का ते बघा. बहुतेक वेळा पाणी आटून तो अर्धा उघडा पडलेला असतो.

फळ्यावर दोन रेघा

आता शेगडी बंद करून फळ्याकडे वळायचं. शेजारी-शेजारी दोन उभ्या रेघा काढा, दोन्ही बरोबर ९० सेंटीमीटरच्या. डावी सेल्सिअसची, उजवी फॅरनहाइटची. दोन्हींच्या तळाशी 'पाणी गोठतं' आणि टोकाला 'पाणी उकळतं' असं लिहा. डाव्या रेघेला खाली ०, वर १००. उजव्या रेघेला खाली ३२, वर २१२. हे समुद्रसपाटीचे आकडे आहेत, असं बाजूला लिहून ठेवा. आपले ९८ आपण नंतर बसवणार आहोत.

नव्वदच का, ते थोड्या वेळात कळतं. शून्यापासून शंभरापर्यंत १०० अंश आहेत, त्यामुळे सेल्सिअसचा एक अंश ९ मिलिमीटरचा झाला. ३२ पासून २१२ पर्यंत १८० अंश, म्हणून फॅरनहाइटचा एक अंश ५ मिलिमीटरचा. सूत्रातले ९ आणि ५ मुलांना पट्टीने मोजता येतात. एका मुलीला पुढे बोलवून दोन्ही अंश खडूने शेजारी-शेजारी काढायला लावा. सेल्सिअसचा अंश मोठा आहे हे एकदा डोळ्यांनी दिसलं की तीच तापमानवाढ फॅरनहाइटमध्ये जास्त अंशांची का होते, हे वेगळं सांगावं लागत नाही.

ज्यांना तरीही उमजत नाही त्यांना मी बारव आठवायला सांगतो. एका बारवेत उतरायला दोन जिने आहेत असं समजा. दोन्ही पाण्यापासून काठापर्यंतच जातात, पण एकाला १०० उंच पायऱ्या आणि दुसऱ्याला १८० बुटक्या. शिवाय दुसऱ्या जिन्याच्या गवंड्याने खालून आकडे घालताना शून्याऐवजी ३२ पासून सुरुवात केली. तुम्ही पहिल्या जिन्याच्या पन्नासाव्या पायरीवर उभे असाल तर शेजारच्या जिन्यावर तुमच्या समोर कोणता आकडा असेल? गवंड्याने असं का केलं ते नवसागराच्या गोष्टीत आलेलंच आहे.

आता दोन्ही रेघांवर दर ९ सेंटीमीटरला आडवी खूण करा, दहा समान भाग होतात. डावीकडे दर खुणेला १० वाढतात. उजवीकडे किती? १८० चे दहा भाग, म्हणजे १८. एकेका मुलाला उठवून खालून वर अठरा-अठरा मिळवायला लावा आणि आकडे लिहीत चला: ३२, ५०, ६८, ८६, १०४, १२२, १४०, १५८, १७६, १९४, २१२. शेवटचा आकडा २१२ आला तर बेरीज कुठेही चुकली नाही. दुसरा आला तर वर्गालाच मागे जाऊन चूक शोधायला लावा.

चाळिसासमोर १०४ आले की थोडं थांबा. घरात कुणाला १०४ ताप आला की काय धावपळ होते, ते मुलांना माहीत असतं. आणि एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीपार गेल्याची बातमी आपल्याकडे रोजची. ही दोन्ही तापमानं एकच आहेत, हे फळ्यावर समोरासमोर दिसतं. ताप फॅरनहाइटमध्ये बोलायचा आणि ऊन सेल्सिअसमध्ये, अशी आपली सवय असल्यामुळे तोवर ते कुणाच्या ध्यानातच आलेलं नसतं.

हुशार पोरांना शून्याच्या खालीही उतरवा. अठरा-अठरा वजा करत ३२, १४, उणे ४, उणे २२, उणे ४०. डावीकडे त्याच खुणेला उणे ४० असतात. दोन्ही पट्ट्या तिथे एकच आकडा दाखवतात.

आता सूत्र

अठराच्या शिडीवर ४० सापडतात, पण ९८ सापडत नाहीत. त्यासाठी एकेका अंशाचा हिशेब हवा. दहा अंशांना १८, म्हणजे एका अंशाला १.८, आणि १.८ म्हणजेच ९/५. तळाचा आकडा ३२ असल्यामुळे शेवटी ३२ मिळवायचे. आता मुलंच सूत्र सांगतात, आपण फक्त लिहायचं:

F = C × ९/५ + ३२

वर्गातली उकळी यात घालू. ९८ ला १.८ ने गुणायला वही लागत नाही. आधी दुप्पट करा, मग त्या दुपटीचा दहावा भाग वजा करा. ९८ ची दुप्पट १९६, त्याचा दहावा भाग १९.६, वजा करून १७६.४. त्यात ३२ मिळवले की २०८.४. आपल्या गावात पाणी २०८.४ अंश फॅरनहाइटला उकळतं.

हे बरोबर आहे का, ते वरून खाली येऊन तपासता येतं. ९८ म्हणजे शंभराच्या दोन अंश खाली. दोन अंश सेल्सिअस म्हणजे ३.६ अंश फॅरनहाइट. २१२ मधून ३.६ गेले, उरले २०८.४. फळ्यावर मोजलं तरी डाव्या रेघेवर टोकापासून दोन अंश म्हणजे १८ मिलिमीटर खाली, आणि उजव्या रेघेवर ३.६ अंश म्हणजेही १८ मिलिमीटर खाली. मीटरपट्टी आडवी धरली की दोन्ही खुणा एका रेषेत येतात. त्या तिथे तांबड्या खडूने 'आपलं गाव' असं लिहून टाका.

उलट जाताना जिन्यावरून उलटंच यायचं. शेवटी मिळवलेले ३२ सगळ्यात आधी काढायचे, मग ९/५ ने भागायचं, म्हणजेच ५/९ ने गुणायचं:

C = (F − ३२) × ५/९

१२२ घेतले तर ३२ काढून ९० उरतात. नवाने भागून १०, पाचाने गुणून ५०. शिडीवरही १२२ समोर ५०च आहेत.

वह्या तपासताना उत्तर पाहूनच चूक ओळखता येते, एवढ्यासाठी मी सगळ्यांना ५० अंश सेल्सिअसचंच उदाहरण देतो. वहीत ९० असेल तर लेकरू ३२ विसरलं. १४७.६ असेल तर ३२ आधी मिळवून मग गुणलं. १०६ लिहिणाऱ्याने २१२ चं निम्मं केलंय, म्हणजे त्याच्या डोक्यात अजून दोन्ही पट्ट्या शून्यापासून सुरू होतात. त्याला सूत्र पुन्हा सांगून उपयोग नाही, फळ्यावरच्या तळाच्या ३२ पाशी नेऊन उभं करायचं. उलट बाजूने १२२ चं उत्तर ३५.८ च्या आसपास आलं, तर गुणाकार आधी आणि वजाबाकी नंतर झाली आहे.

तापमान आणि तापमानातला फरक

एक जागा अशी आहे की सूत्र तोंडपाठ असलेलं पोरही तिथे हमखास घसरतं. फळ्यावर लिहा: "कालच्यापेक्षा आज तापमान २ अंश सेल्सिअसने वाढलं. फॅरनहाइटमध्ये किती वाढलं?" निम्मा वर्ग सूत्रात २ घालतो आणि ३५.६ असं उत्तर देतो. मग विचारा की काल ४० होते आणि आज ४२, तर दोन्ही दिवसांचे फॅरनहाइट काढा. ४० चे १०४, ४२ चे १०७.६. फरक ३.६.

३२ हा आकडा पट्टी कुठून सुरू होते ते सांगतो. दोन्ही दिवसांच्या आकड्यांत तो मिसळलेला असतो, म्हणून वजाबाकीत तो आपोआप उडून जातो. 'इतकं तापमान आहे' असं वाक्य असेल तर पूर्ण सूत्र वापरायचं. 'इतक्याने वाढलं', 'इतक्याने उतरलं', 'इतका फरक पडला' असं असेल तर फक्त ९/५. आपण मघाशी २१२ मधून खाली येताना ३.६ वजा केले, तेव्हा ३२ ला हात लावला नव्हता, हेही इथे दाखवून द्या.

घरच्या अभ्यासाला दोनच गोष्टी द्याव्यात. आठवडाभर पेपरातलं गावाजवळच्या शहराचं कमाल तापमान टिपून त्याचं फॅरनहाइट करायचं, आणि लागोपाठच्या दोन दिवसांतला फरक वेगळा काढायचा. घरी ताप बघायचा तापमापक असेल तर त्यावरचा ९८.६ चा आकडाही सेल्सिअसमध्ये आणायला सांगा. ३२ काढून ६६.६, नवाने भागून ७.४, पाचाने गुणून ३७. हे उदाहरण मुद्दाम निवडलंय, कारण नवाने पूर्ण भाग जातो. १०० ताप दिला तर उत्तर ३७.७७७ असं लांबत जातं. त्याला ३७.८ असं जवळचं एक दशांशस्थळ पुरे, हे आधीच सांगून ठेवलं तर वहीची अर्धी ओळ साताने भरत नाही.